104 च्या व्हॉल्व्हला 102 च्या एल्बोचा भाव

«भावपत्रकात भाव बरोबर आहेत, तरी बिलात VLOOKUP लावला की काही मालाचे भाव बरोबर येतात आणि काहींचे भलतेच. एररही येत नाही. चूक कुठे असावी?»

तुमच्या सूत्रात बहुधा चौथा भाग लिहिलेला नाही. तो सोडला की एक्सेल त्या जागी TRUE धरते, म्हणजे तंतोतंत जुळणीऐवजी अंदाजे जुळणी करते, आणि भावपत्रक कोडच्या चढत्या क्रमाने लावलेले आहे असे गृहीत धरते. क्रम खरोखर तसा आहे की नाही, हे ते तपासत नाही.

लातूर जिल्ह्यातल्या आमच्या ठिबक आणि पाइपलाइन साहित्याच्या दुकानात मी स्वतः ही चूक केली होती. माल जसजसा येत गेला तसतसे मी कोड आणि भाव खाली लिहीत गेलो. समजण्यापुरत्या सात ओळी घेतो. डावीकडे A स्तंभातला कोड, उजवीकडे B मधला भाव.

```
A2  104  260
A3  101   55
A4  107  900
A5  103   12
A6  106   20
A7  102   45
A8  105    4
```

बिलात D2 मध्ये कोड आणि E2 मध्ये हे सूत्र होते:

```
=VLOOKUP(D2,$A$2:$B$8,2)
```

एका शेतकऱ्याने 104 क्रमांकाचे सहा बॉल व्हॉल्व्ह घेतले आणि बिल 270 रुपयांचे निघाले, जे 1560 रुपयांचे व्हायला हवे होते. बिल हातात घेऊन त्यानेच विचारले, «मालक, व्हॉल्व्ह एवढा स्वस्त कधीपासून झाला हो?» तो बोलला नसता, तर 1290 रुपयांचा खड्डा कोणाच्या लक्षातही आला नसता.

104 तर पहिल्याच ओळीत आहे, मग तो सापडला का नाही? कारण अंदाजे जुळणीत एक्सेल वरून खाली एकेक ओळ वाचत नाही. ते आधी मधली ओळ पाहते. A5 मध्ये 103 आहे, तो 104 पेक्षा लहान, म्हणून हवा असलेला कोड खालीच असणार असे मानून वरचा भाग सोडून देते, आणि नेमका त्याच भागात आपला 104 बसलेला असतो. उरलेल्या तिघांत मधला A7, म्हणजे 102. तोही लहान, म्हणून आणखी खाली. A8 मध्ये 105 मिळतो, तो मोठा. आता शोध संपला, आणि शेवटी भेटलेला लहान कोड 102, म्हणून त्याच्या समोरचे 45 रुपये उत्तर म्हणून येतात. याच पत्रकात 101 आणि 105 शोधले तर ते वाटेतच भेटतात आणि भाव बरोबर येतो. त्यामुळे दोन-चार कोड टाकून पाहणाऱ्याला सूत्र निर्दोष वाटते. खाली एखादी नवी ओळ जोडून सूत्राची कक्षा वाढवली की मधली ओळ बदलू शकते, आणि कालपर्यंत बरोबर येणारा भावही बिघडू शकतो.

उपाय एका शब्दाचा आहे:

```
=VLOOKUP(D2,$A$2:$B$8,2,FALSE)
```

पत्रक चढत्या क्रमाने लावून टाका, असा सल्ला तुम्हाला कोणी देईल, पण मला तो अपुरा वाटतो. क्रम लावल्यावरही पत्रकात नसलेला 108 टाकला, तर 107 च्या फिल्टरचे 900 रुपये निमूटपणे बिलात येतील. FALSE असेल तर तिथे #N/A दिसते, आणि दुकानदाराला तेच दिसायला हवे. ते लपवण्यासाठी IFERROR लावून शून्य दाखवू नका, नाहीतर माल फुकट जाईल.

FALSE लावल्यावर पत्रकात असलेल्या कोडलाही #N/A आला, तर एका बाजूला आकडा आणि दुसऱ्या बाजूला मजकूर म्हणून साठवलेला 104 आहे का ते पाहा; अशा खान्याच्या कोपऱ्यात बहुधा लहानसा हिरवा त्रिकोण दिसतो. तो स्तंभ निवडून Data मधील Text to Columns उघडावे आणि थेट Finish दाबावे, म्हणजे मजकुराचे आकडे होतात.

जुनी बिले तपासायची असतील तर शेजारच्या रिकाम्या स्तंभात हे सूत्र ओढावे आणि FALSE किंवा #N/A आलेल्या ओळी फिल्टर लावून पाहाव्यात. मधल्या काळात ज्या मालाचा भाव खरोखर बदलला आहे त्याच्याही ओळी त्यात येतील, त्या हाताने वेगळ्या कराव्या लागतात.

```
=E2=VLOOKUP(D2,$A$2:$B$8,2,FALSE)
```

अंदाजे जुळणी मुळातच वाईट आहे असे नाही. 1, 10 आणि 50 नगांपासून वेगवेगळी सूट असेल, तर 37 नगांना 10 ची सूट लागावी यासाठी तीच हवी. मात्र तो तक्ता चढत्या क्रमातच असला पाहिजे. तुमच्याकडे एक्सेल 2021 किंवा 365 असेल तर मालाच्या भावासाठी XLOOKUP वापरा, कारण काही न लिहिता ते तंतोतंत जुळणीच करते.