कोकम आम्लारी कसं ठरलं?

प्रश्न : आठवीच्या विज्ञानाच्या 40 मिनिटांच्या तासिकेसाठी मोजता येतील अशी उद्दिष्टं टाचणात कशी लिहायची? एका तासाला किती असावीत?

किती असावीत ते आधी सांगते : एक. फार तर दीड. आता मूळ दुखणं.

देवगडकडच्या आमच्या शाळेत तपासणी होती. तास आम्ल आणि आम्लारीचा. टाचणात मी ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य अशी चार खणांत चार उद्दिष्टं लिहिली होती. पहिलंच होतं, 'विद्यार्थी आम्ल व आम्लारी समजून घेतात.' हळदीचे कागद आदल्या दिवशी करून ठेवलेले. लिंबाचा रस, साबणाचं पाणी, चुन्याची निवळी, साधं पाणी आणि आपला प्रांत म्हणून कौतुकाने कोकमाचं आगळ. मुलं खूश, साहेब खूश.

मागच्या बाकावरून एक जण ओरडला, "बाई, कोकम आम्लारी! कागद लाल झालो!"

पोरगं रोज सोलकढी पिणारं. कोकम आंबट असतं हे त्याला मी शिकवायची गरज नव्हती. पण आगळाचा स्वतःचाच लाल रंग कागदाला लागला, आणि 'हळद लाल झाली की आम्लारी' हे माझंच वाक्य त्याने इमानदारीत लावलं. दुसऱ्या गटाने लिंबू आणि साधं पाणी दोन्ही आम्लात टाकली, कारण दोन्हींत कागद पिवळाच राहिला. तेही माझंच पाप. हळद फक्त आम्लारी दाखवते. आम्ल आणि उदासीन यांत ती फरक करत नाही. म्हणजे मी लिहिलेलं उद्दिष्ट त्या साहित्याने गाठणं शक्यच नव्हतं, आणि 'समजून घेतात' या शब्दाच्या आड ते मला दिसलंही नाही.

साहेबांनी शेरा मारला, 'उद्दिष्टे साध्य.' कशावरून, ते आजतागायत कळलेलं नाही.

त्या रात्री टाचण पुन्हा लिहिलं. एकच वाक्य उरलं : 'जास्वंदीच्या फुलांचा अर्क दिल्यावर, नावं न लिहिलेल्या 5 बाटल्यांपैकी किमान 4 बाटल्यांतलं द्रावण आम्ल, आम्लारी की उदासीन, हे विद्यार्थी रंग पाहून ठरवतो.' मूल काय करणार, कशाच्या मदतीने करणार आणि किती जमलं म्हणजे झालं, हे तिन्ही त्यात आहे. जास्वंदीचा अर्क आम्लात गुलाबी-लाल होतो, आम्लारीत हिरवा, मिठाच्या पाण्यात आहे तसाच राहतो. फुलं गरम पाण्यात घातली की झालं. पावसाळ्यात हळदीचे कागद इथे वाळतच नाहीत, त्यामुळे ती कटकटही गेली. आगळ बाद केलं, रंगीत नमुना या तासाला नकोच.

बाटल्यांवर नावं का नाहीत? 'लिंबू' वाचलं की मूल रंग न बघता 'आम्ल' लिहितं. मग तुम्ही मोजता ती त्याची जीभ, निरीक्षण नव्हे.

वेळ अशी बसली : पहिली 5 मिनिटं उजळणी, 10 मिनिटं मी दोन नमुने करून दाखवले, 15 मिनिटं गटात सराव, उरलेल्या 10 मिनिटांत नव्या बाटल्या आणि प्रत्येकाची स्वतःची चिठ्ठी. ही शेवटची 10 मिनिटं आधी राखून ठेवा आणि त्यांत मावेल तेवढंच उद्दिष्ट लिहा. बहुतेक जण उलट करतात, मग घंटा झाली की 'समजलं का?' 'होऽऽऽ.'

24 पैकी 17 जणांचे 4 किंवा जास्त बरोबर आले. उरलेल्या सातही जणांचा घोळ मिठाच्या पाण्यापाशी होता. रंग बदलला नाही, म्हणजे प्रयोग फसला असं त्यांना वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी काय शिकवायचं ते त्या सात चिठ्ठ्यांनी सांगितलं.

हेच टाचण पुढच्या तपासणीला दाखवलं तर साहेब म्हणाले, "बाई, एकच उद्दिष्ट? आणि 5 पैकी 4 म्हणजे काय, बाजारात पायली मोजताय?" बाकीचे तीन खण भरून ठेवा म्हणाले. तुम्हालाही म्हणतील. भरा, शाईच जाते. पण त्या दिवसाचं खरं उद्दिष्ट कोणतं ते स्वतःपुरतं अधोरेखित करून ठेवा. आणि साहेब, हे वाचत असाल तर त्या सात चिठ्ठ्या अजून माझ्या कपाटात आहेत.

हो, तीन गोष्टी राहिल्या. 5 पैकी 4 हा काही नियम नाही, मी माझ्या वर्गाकडे बघून ठरवला. आणि वर्षभराच्या अध्ययन निष्पत्ती जशाच्या तशा टाचणात उतरवू नका, त्या एका तासासाठी लिहिलेल्याच नाहीत. चुन्याची निवळी मात्र मुलांच्या हातात देऊ नका, तुम्हीच ओता. डोळ्यांत उडाली तर भारी पडते.