दिव्याच्या अवसेनंतरची एक रात्र

कोल्हापूर,
श्रावण शुद्ध तृतीया

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या कथेचा खर्डा सावकाश वाचला. शिवाजी पेठेतले जुने घर, रात्रभर गेलेली लाईट, दहा वर्षांचा नातू आणि दिवे कायम तयार ठेवणारे आजी-आजोबा, एवढे साहित्य एका कथेला पुरेसे आहे. अडचण एकाच ठिकाणी आहे. लाईट गेल्याबरोबर आज्जी समई लावते आणि उरलेली चार पाने ती नातवाला जुन्या काळाची महती सांगत बसते. नातू ऐकतो, त्याला पटते आणि कथा संपते. दिवे तयार का ठेवायचे, हे त्या मुलाच्या हातांना कळायला हवे. त्यासाठी त्या रात्री त्याच्या हातून एक दिवा विझावा, असे माझे मत आहे. तो कसा विझेल, हे मी थोडे सविस्तर लिहितो, कारण कथेचा सगळा भार त्यावर आहे.

आधी वेळ ठरवू. तू वळिवाची रात्र घेतली आहेस. वळीव गाजतो खूप, पण दिव्यांच्या दृष्टीने श्रावणाचा पहिला आठवडा अधिक सोयीचा आहे, कारण आषाढी अमावास्या, म्हणजे आपली दिव्याची अवस, नुकतीच होऊन गेलेली असते. त्या दिवशी घरातले सगळे दिवे माळ्यावरून आणि कपाटातून खाली येतात, चिंचेने घासले जातात, पाटावर मांडून त्यांची पूजा होते आणि कणकेचे गोड दिवे उकडून तुपाबरोबर खाल्ले जातात. तुझ्या नातवाला त्यातले फक्त खाण्याचे आठवत असावे. ऐन पावसाळ्यात वर्षातून एकदा घरातला प्रत्येक दिवा हातात घेऊन पाहिला जातो, कुठला गळतो, कुणाची वात संपली आहे, हे कळते. पण ही गोष्ट त्याच्या ध्यानात येऊ नये आणि कथेतही कुणी ती बोलून दाखवू नये. वाचक ती जोडून घेईल.

एक मोह मात्र टाळ. २०१९ साली ही अवस ऑगस्टच्या अगदी सुरुवातीला आली आणि त्याच आठवड्यात महापूर आला. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट असताना पाणी ५५ फुटांच्या वर गेले. हे जुळून आलेले पाहून कथा तिकडे न्यावीशी वाटेल. नेऊ नकोस. पूर घरात शिरला की नावा, शाळेतले निवारे आणि माणसांचे स्थलांतर एवढेच उरते, आणि दिवे बाजूला पडतात. तुला साधा, झोडपणारा पाऊस हवा. कुठेतरी झाड तारांवर पडावे, डीपी बंद व्हावा आणि दुरुस्तीला सकाळ उजाडावी, एवढे पुरे. मुलाचे आईवडील त्या रात्री परगावी असू देत.

आता मुख्य प्रसंग. रात्री साडेआठला लाईट जाते. इन्व्हर्टरवर पंखा आणि टीव्ही चालू राहिल्यामुळे तो मध्यरात्रीपर्यंतही टिकत नाही, आणि मोबाईलची बॅटरी मुलाने खेळात संपवलेली आहे. आजोबा झोपले आहेत, आज्जी मागच्या खोलीत आहे. मुलाला कोनाड्यातला कंदील आठवतो. अवसेला आजोबांनी बाटलीच्या तळाशी उरलेले चमचाभर रॉकेल घालून तो लावून दाखवला होता, काच वर्तमानपत्राने पुसून लखलखीत केली होती. घरातल्या सगळ्या दिव्यांत दिसायला तोच भारी, म्हणून मुलगा तोच निवडतो. टाकी हलवून पाहतो तर रिकामी. रेशनवरचे निळे रॉकेल मिळेनासे होऊन बरीच वर्षे झालेली आहेत. मग तो स्वयंपाकघरात चाचपडत जाऊन किटलीतले गोडेतेल कंदिलाच्या टाकीत ओततो.

कंदील पेटतो, आणि हा तपशील फार मोलाचा आहे. फितीत अवसेचे रॉकेल अजून मुरलेले असल्यामुळे पहिली काही मिनिटे ज्योत सरळ, पिवळी आणि उंच उभी राहते. मुलाला वाटते, जमले. मग ज्योत बुटकी होऊ लागते, तिची कड लालसर होते. तो चावी फिरवून फीत वर करतो, कारण मोठ्यांना त्याने तसेच करताना पाहिले आहे. त्याबरोबर धूर वाढतो, काचेचा वरचा अर्धा भाग काळा होतो आणि खोलीत कापड जळल्याचा वास पसरतो. तेल टाकीतच राहिलेले असते. जळत असते ती नुसती फीत. तो आणखी वर करतो, ती आणखी जळते, आणि शेवटी फितीच्या टोकाला एक लाल निखारा उरतो व तोही विझतो.

याचे कारण साधे आहे, पण मुलाला ते या क्षणी कळू देऊ नकोस. रॉकेल पातळ असते, ते विणलेल्या फितीतून चार-पाच बोटे सहज वर चढते, आणि कंदिलाची रचना त्याच भरवशावर केलेली असते. गोडेतेल जड असते. सुताच्या धाग्यांतून ते एखाद्या बोटभर चढते, पण त्याहून वर ज्योतीची भूक भागेल इतक्या वेगाने पोहोचत नाही. म्हणूनच निरांजनात किंवा समईत वात तेलात आडवी पडलेली असते आणि तिचे टोक फक्त काठावर आलेले असते. आकार जुना म्हणून तसा राहिलेला नाही. त्या तेलाला दुसरा आकार चालतच नाही.

वासाने आज्जी येते. इथे तू तिला रागावायला लावले आहेस. तिने एवढेच म्हणावे, "काचेला हात लावू नकोस, निवू दे तिला. वरनं पाण्याचा थेंब जरी पडला तरी तडकंल." आणि अंधारात, न चाचपडता, तिने खुंटीवरचा डबा काढावा. त्या घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात काडेपेटी आणि वळून ठेवलेल्या वाती आहेत. पावसाळी हवेत उघड्यावर राहिलेल्या काडीचा गूल मऊ पडतो आणि ओढताना नुसता खरवडला जातो. दमट वात तडतडते आणि विझते. मुलाने हे ऐकू नये, पाहावे. त्याची स्वयंपाकघरातली काडेपेटी चार काड्या वाया घालवते. डब्यातली पहिल्याच ओढीला पेटते.

समईला पाच वाती लावण्याची जागा असताना आज्जी एकच लावते. मुलगा विचारतो, पूजेला तर पाच असतात. ती म्हणते, "पूजा घटकाभराची असते, रात्र मोठी हाय." एका मध्यम वातीला तासाला साधारण चहाचा चमचाभर तेल लागते, म्हणजे रात्र निघायला एक लहान वाटी पुरते, पाच वातींना तेवढ्याच रात्रीत पाच वाट्या लागतील. हा हिशेब मुलाने स्वतः बोटांवर करावा. समईखाली परात, पडद्यापासून आणि अंथरुणापासून ती लांब, आणि खिडकी बोटभर उघडी, एवढे तिने न बोलता करावे. मागे तिने पितळेचे घासलेले ताट उभे करून ठेवले की भिंतीवर उजेड दुप्पट झाल्यासारखा वाटतो. हे बघून मुलगा पहिल्यांदा हसू शकतो.

दुसरा प्रसंग पहाटे दोन-अडीचचा. मुलाला जाग येते तेव्हा समईची ज्योत खाली बसलेली आणि लालसर झालेली असते. ही ज्योत त्याने आज एकदा पाहिलेली आहे, कंदिलात. त्या वेळी त्याने फीत वर केली होती. आता तो वाकून पाहतो तर तेलाची पातळी काठापासून बरीच खाली गेलेली आहे. तो वातीला हात लावत नाही. वाटीतले तेल सावकाश ओततो, काडीने टोकावरची काजळी झाडतो, आणि ज्योत पुन्हा उभी राहते. तुझ्या कथेचा कळस इथे आहे. कंदील का विझला, हे त्याला या क्षणी आपोआप समजते, आणि त्याविषयी एकही वाक्य लिहू नकोस.

त्यानंतर त्याला आजोबा दिसतात. ते उठून मागच्या दाराकडे निघालेले आहेत, जिथे न्हाणीघराच्या पायऱ्या पावसाने ओल्या आहेत. तेव्हा मुलाच्या लक्षात येते की आज्जीने आणखी दोन निरांजने लावली आहेत, एक जिन्याच्या वळणावर आणि एक त्या पायऱ्यांपाशी, आणि सोप्यात, जिथे सगळे बसतात, तिथे एकही नाही. सत्तरीच्या माणसाला रात्रीतून दोनदा उठावे लागते. तेलाच्या दिव्याचा उजेड वाचायला पुरत नाही, पण पायरीची कड दाखवायला पुरतो, आणि या घरात दिवे त्याच हिशेबाने ठेवलेले आहेत.

आज्जीला जुने काही सांगायचेच असेल तर एकच आठवण दे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, चार वाजून गेल्यावर, कोयनेचा भूकंप झाला, कोल्हापूरही हादरले. ती तेव्हा आठ वर्षांची. घरात दिवा होता, तेल होते, पण देवळीतली काडेपेटी धक्क्याने खाली पडून कुठे गेली ते कुणाला सापडेना, आणि उजाडेपर्यंत सगळे अंगणात काळोखात बसून राहिले. एवढे सांगून तिने गप्प व्हावे. खुंटीला टांगलेला डबा वाचकाने आधीच पाहिलेला आहे.

शेवटी तू लाईट आल्यावर सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या आहेत, ते काढून टाक. लाईट झोपेत येऊ दे. सकाळी काम पुष्कळ आहे. गोडेतेल मुरलेली फीत आता रॉकेलही ओढणार नाही, ती फेकावी लागेल. टाकी साबणाच्या गरम पाण्याने धुऊन उलटी वाळत घालावी लागेल. काच राखेने घासावी लागेल. आजोबा म्हणतील, राहू दे, रॉकेल तरी कुठे मिळते आता. मुलगा तरीही दहा रुपये मागून फीत आणायला हार्डवेअरच्या दुकानात जातो की आज्जीशेजारी बसून वाती वळायला शिकतो, हे तू ठरव. मला दुसरे अधिक पटते, कारण त्या घराला खरा उपयोग वातींचा आहे आणि मुलाला आता ते माहीत आहे.

पुन्हा लिहायला बसण्याआधी एखादा जुना कंदील मिळव, अंगणात, जवळ वाळूची बादली ठेवून, त्यात गोडेतेल घालून लाव आणि तो विझेपर्यंत समोर बसून राहा. ज्योत किती मिनिटांनी बसू लागली, धूर आधी आला की वास, ते टिपून ठेव. मी क्रम लिहिला आहे तो ढोबळ आहे. फीत जुनी की नवी यावर तो थोडा बदलतो, आणि तुझ्या कथेत तुझ्या कंदिलाचा क्रम यावा. खर्डा त्यानंतर पाठव.

तुझा,
एक जुना वाचक