एकच काम दर क्लायंटसाठी पुन्हा पुन्हा करतोय (एक्सेल शीट्स). त्याचं टेम्प्लेट किंवा छोटा कोर्स करून विकता येईल का? सुरुवात कुठून करू?

टेम्प्लेट करा. कोर्सच्या नादी लागू नका. माझा मेव्हणा अजूनही उलटंच सांगतो, त्याच्याकडे शेवटी येतो.

मी हाउसिंग सोसायट्यांची मेंटेनन्स बिलं एक्सेलमध्ये बसवून देतो. प्रत्येक सेक्रेटरीला आपली सोसायटी जगावेगळी वाटते. मी जुन्या तीन क्लायंटच्या फाइल्स शेजारी उघडल्या आणि वेगळे दिसले ते सेल पिवळे केले. निघालं काय? सिंकिंग फंड, पार्किंगचा दर, पाण्याचे नळ, भाडेकरू असेल तर सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतचं बिनभोगवटा शुल्क आणि थकबाकीवरचं व्याज. बाकी सगळं तेच. हे पिवळे सेल ‘दर’ नावाच्या एका शीटवर आणले आणि बिलाच्या सूत्रांत एकही आकडा हाताने लिहिलेला ठेवला नाही. प्रॉडक्ट तिथेच झालं. उद्या सभेने दर बदलला तर खजिनदार एक सेल बदलेल, मला फोन करणार नाही.

पण लोक पैसे देतात ते या सोयीसाठी नाही, व्याजासाठी देतात. सोसायट्यांच्या २०१४ च्या आदर्श उपविधींत थकबाकीवर जास्तीत जास्त २१ टक्के, तेही सरळव्याज असं आहे. घरगुती फाइल्समध्ये थकबाकीचा एकच रकाना असतो. एका सोसायटीत एका सभासदाचे १२,००० थकले होते. तिमाहीचं व्याज ६३० झालं. त्याने काहीच भरलं नाही, तर फाइलने पुढच्या तिमाहीला १२,६३० वर व्याज लावलं, म्हणजे ६६३. सभासद निवृत्त बँकवाले. वार्षिक सभेत त्या ३३ रुपयांवरून त्यांनी कमिटीला उभं धरलं आणि त्यांचं बरोबर होतं, व्याजावर व्याज लागलंच होतं. म्हणून मुद्दल आणि व्याज वेगळ्या रकान्यांत हवं, आणि जमा रक्कम आधी व्याजात वळती व्हायला हवी. B2 मध्ये मुद्दल, C2 मध्ये व्याज, D2 मध्ये जमा:

```
E2 (व्याज बाकी)   =C2-MIN(C2,D2)
F2 (मुद्दल बाकी)  =B2-(D2-MIN(C2,D2))
```

त्यांनी ५०० भरले असते तर व्याजाचे १३० उरले असते, मुद्दल १२,००० तसंच, आणि पुढचं व्याज फक्त १२,००० वर. तुमच्या कामातही अशी एखादी जागा असेल जिथे क्लायंट हमखास अडकतो आणि तुम्ही सवयीने सोडवून देता. ती सापडत नसेल तर तुमच्याकडे अजून विकण्यासारखं काही नाही.

मॅक्रो टाकू नका. २०२२ पासून इंटरनेटवरून आलेल्या फाइलमधले मॅक्रो एक्सेल आपणहून अडवतं, आणि ती लाल पट्टी दिसली की खजिनदारकाका फाइल बंद करून ‘व्हायरस आहे’ म्हणून फोन करतात. XLOOKUP सुद्धा नको, २०१६ आणि २०१९ च्या एक्सेलमध्ये ते नाही. INDEX आणि MATCH सगळीकडे चालतं.

आता मेव्हणा. ‘दाजी, फाइल कॉपी होते, कोर्स कॉपी होत नाही.’ दर दिवाळीला हेच. अरे, सेक्रेटरीला एक्सेल शिकायचं नाहीये, त्याला दहा तारखेच्या आत बिलं वाटायची आहेत! कोर्स घेईल तो माझ्यासारखं काम करू पाहणारा, म्हणजे उद्याचा माझाच स्पर्धक. मी फक्त फाइल कशी भरायची याचा छोटा व्हिडिओ सोबत देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. कॉपी होते हे खरं आहे. शीटचा पासवर्ड कुणीही काढू शकतो, तो चोरी रोखायला नसतोच, काकांच्या हातून सूत्र पुसलं जाऊ नये म्हणून असतो. पण फुकट फाइल मिळालेल्या सोसायट्याच मागच्या वर्षाची थकबाकी भरून द्या म्हणून येतात, आणि त्या कामाचे मी फाइलपेक्षा जास्त घेतो. दुकानं आणि घरं एकत्र असलेल्या सोसायट्यांना टेम्प्लेट विकतच नाही. तिथे वादच इतके की सगळी कमाई फोनवर जाते.

हो, एक राहिलं, खरं तर आधी सांगायला हवं होतं. जुन्या क्लायंटशी केलेला करार वाचा. नोकरीत नसताना केलेल्या अशा कामाचा कॉपीराइट आपल्याकडे साधारणपणे तुमचाच राहतो, पण तो लेखी देऊन टाकला असेल तर तीच फाइल विकता येणार नाही, कोऱ्या शीटवरून नव्याने बांधा. आणि लपवलेल्या शीट्स उघडून बघा. सभासदांची नावं आणि फोन नंबर तिथेच राहून जातात.