डेंग्यूचा आर नॉट काढताना वर्गमूळाकडे लक्ष दे

अरे, डेंग्यूचा आर नॉट, म्हणजे एका लागणीमागे सरासरी किती नव्या लागणी होतात तो आकडा, काढायला तू मॅट्रिक्स बरोबर मांडलीयेस, पण त्यावरून डास किती कमी करायचे ते ठरवताना घोळ झालाय. पुण्यात पावसाळ्यात कुंडीखालच्या ताटल्यांत, गच्चीवरच्या टायरात डास होतात, तेच उदाहरण घेऊ. आकडे फक्त समजायला धरलेत. एक आजारी माणूस सरासरी ६ डासांना लागण देतो आणि असा एक डास मरेपर्यंत १.५ माणसांना. माणूस थेट माणसाला देत नाही, डास डासाला नाही, म्हणून कर्णावर शून्य.

```
import numpy as np
K = np.array([[0, 1.5], [6, 0]])
print(np.linalg.eigvals(K))
```

उत्तर येईल ३ आणि -३. मायनस बघून घाबरू नको, लागण आलटूनपालटून जाते म्हणून तो येतो, आपण मोठा धन घ्यायचा. आर नॉट ३, म्हणजे ६ गुणिले १.५ चं वर्गमूळ.

आता तू लिहिलंस की डास एक तृतीयांश केले की साथ थांबेल, तिथेच चुकलं बघ! ताटल्या रिकाम्या केल्या की फक्त ६ चे २ होतात, १.५ तसाच राहतो, गुणाकार ३ आणि मूळ साधारण १.७३, ते १ च्या खाली गेलं तरच साथ थांबते, म्हणजे साथ चालूच. डास नवव्या हिश्श्याच्या खाली जायला हवेत. कारण ३ हा माणूस ते डास किंवा डास ते माणूस अशा एकाच टप्प्याचा आहे, माणूस ते माणूस फेरी ९ ची. काही पेपरात ९ लाच आर नॉट म्हणतात, त्यामुळे दुसऱ्याचा आकडा उचलताना मूळ घेतलंय का ते आधी बघ.