हप्ते मागा, पण त्याआधी बिलाची रक्कम तपासून घ्या

प्रश्न: वर्षभर विजेचं सरासरी बिल येत होतं. आता मीटरचं रीडिंग घेऊन एकदम ४१ हजारांचं बिल पाठवलंय. एवढी रक्कम एका महिन्यात भरणं शक्य नाही. हप्ते मिळतात का? अर्ज कसा करायचा?

मिळतात. पण अर्जात पहिली मागणी हप्त्यांची करू नका. आधी बिल दुरुस्ती, मग विलंब आकार आणि व्याजाची माफी, आणि त्यानंतर उरलेल्या रकमेचे हप्ते, असा क्रम ठेवा. आईच्या घरासाठी मी दोन वर्षांपूर्वी यातून गेले आहे. हा क्रम नसता तर चुकीच्याच रकमेचे हप्ते आम्ही फेडत बसलो असतो.

आईच्या इमारतीत मीटर जिन्याखालच्या खोलीत आहेत आणि त्या खोलीला कुलूप असायचं. रीडिंग घेणारा आत जाऊ शकला नाही, म्हणून १४ महिने दरमहा ९० युनिटचं सरासरी बिल येत राहिलं, साधारण ७०० रुपयांचं. आईला वाटलं, आपला वापरच कमी. मग एकदा प्रत्यक्ष रीडिंग झालं, १४ महिन्यांचा वापर ३,०८० युनिट निघाला आणि ४७ हजारांच्या आसपास बिल आलं.

वापर खोटा नव्हता. खाली उतरून मीटरवरचा केडब्ल्यूएचचा, म्हणजे युनिटचा आकडा बिलाशी ताडला, तो जुळला. चूक हिशोबात होती. महाराष्ट्रात घरगुती दराचे टप्पे महिन्याच्या वापरावर असतात: १०० युनिटपर्यंत सगळ्यात स्वस्त, मग ३०० पर्यंत, ५०० पर्यंत आणि त्यापुढे सगळ्यात महाग. आमचे ३,०८० युनिट जणू एकाच महिन्यात जाळल्यासारखे धरले होते, म्हणून त्यातले अडीच हजारांहून जास्त युनिट सगळ्यात महाग टप्प्यात गेले. खरं तर १४ ने भागलं की महिन्याला २२० युनिट येतात, म्हणजे १०० पहिल्या टप्प्यात आणि १२० दुसऱ्या. तसा हिशोब करून आधी भरलेल्या सरासरी बिलांचे पैसे वजा केले तेव्हा बाकी २२ हजारांवर आली. तुमच्याही बिलात युनिट महिन्यांत विभागलेत का आणि आधी भरलेल्या सरासरीची वजावट दिसते का, हे सगळ्यात आधी बघा. बिलावर त्या वजावटीला 'लॉक क्रेडिट' म्हणतात.

मीटरच बिघडलेला असेल तर मात्र गोष्ट वेगळी. तेव्हा मीटर तपासणीची मागणी करा, कारण सदोष मीटरच्या बिलाची दुरुस्ती साधारणपणे मागच्या तीन महिन्यांपुरतीच करता येते.

वीज कंपनीच्या उपविभागाच्या बिलिंग शाखेत जाऊन आधी सीपीएल मागा. तुमच्या ग्राहक क्रमांकाचा महिन्यागणिक खातेउतारा असतो तो: रीडिंग, युनिट, आकारणी, भरणा सगळं त्यात येतं. ही चार पानं हातात असली की टेबलापलीकडच्या माणसाशी बोलणं सोपं होतं. आमच्या क्लार्कबाईंनी ती पाहिली आणि स्वतःच म्हणाल्या, "ताई, हे विभागून द्यायला हवं होतं. अर्ज द्या, बी-८० करून पाठवते." बी-८० म्हणजे बिल दुरुस्तीचा प्रस्ताव. तो वर मंजूर व्हावा लागतो, त्याला आम्हाला पाच आठवडे लागले.

त्या पाच आठवड्यांत पुरवठा तोडतील ही भीती असते. इथे वीज कायदा २००३ चं कलम ५६(१) कामाला येतं. तोडण्याआधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. आणि बिलाबद्दल वाद असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने निघणारी रक्कम, यातली जी कमी असेल ती 'निषेध नोंदवून' भरली, तर वाद मिटेपर्यंत पुरवठा तोडता येत नाही. आम्ही तशी रक्कम भरली आणि पावतीची प्रत अर्जाला जोडली. लाइनमन थकबाकीची यादी घेऊन दारात आलाच होता. आईने आवक शिक्का असलेला अर्ज आणि पावती दाखवली, त्याने साहेबांना फोन लावला आणि तो परत गेला. म्हणून अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

अर्ज एक पानाचा पुरतो. उपकार्यकारी अभियंत्यांच्या नावे द्या. आमचा गाभा असा होता:

"अमुक ते अमुक या १४ महिन्यांत रीडिंग न घेता सरासरी बिले दिली गेली. ती सर्व आम्ही मुदतीत भरली आहेत. एकत्रित युनिट १४ महिन्यांत विभागून बिल दुरुस्त करावे. थकबाकी आमच्या चुकीने झालेली नसल्याने तिच्यावर विलंब आकार व व्याज लावू नये. दुरुस्त रक्कम चालू बिलासोबत सहा मासिक हप्त्यांत भरण्यास लेखी मंजुरी द्यावी. हा अर्ज वादग्रस्त रक्कम मान्य केल्याचे समजू नये."

शेवटचं वाक्य गाळू नका. नुसते हप्ते मागितले की रक्कम मान्य आहे असा अर्थ पुढे काढला जातो.

हप्त्यांची संख्या ठरवताना चालू बिल विसरलं जातं. आम्हाला आधी तीन हप्ते देऊ केले होते, म्हणजे महिन्याला सात हजार तीनशे. पण आता खऱ्या रीडिंगचं चालू बिलही सव्वादोन हजारांचं येणार होतं, मिळून साडेनऊ हजार. आईच्या पेन्शनमधून ते निघणं शक्यच नव्हतं. मी हा हिशोब कागदावर लिहून पेन्शनच्या पासबुकाची प्रत जोडली, आणि सुरुवातीला ४,५०० व नंतर ३,५०० चे पाच हप्ते मंजूर झाले. तुम्हीही पेलेल तेवढाच आकडा सांगा. एक हप्ता किंवा त्याच्या जोडीचं एक चालू बिल चुकलं की सवलत रद्द करून सगळी बाकी एकदम मागतात.

मंजुरी तोंडी घेऊ नका. पुढच्या छापील बिलावर पूर्ण थकबाकी पुन्हा दिसतेच, आणि खिडकीवरचा माणूस तीच मागतो. आम्ही दर महिन्याला मंजुरीचं पत्र दाखवून हप्त्याची स्लिप घ्यायचो.

उपविभागाने नकार दिला किंवा उत्तरच दिलं नाही, तर ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे तक्रार करा, आणि तिथला निर्णय पटला नाही तर ६० दिवसांत विद्युत लोकपालांकडे. मुंबई आणि नागपूरला त्यांची कार्यालयं आहेत. अशा प्रकरणांत व्याज व विलंब आकाराशिवाय समान हप्त्यांत वसुली करा, असे आदेश तिथून अनेकदा होतात. मंचाकडे जाण्याची मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे.

सहावा हप्ता भरल्यावर पुढच्या बिलात थकबाकी शून्य हवी होती. ३१८ रुपये दिसले, मधल्या महिन्यांचं व्याज सिस्टिमने आपोआप लावलं होतं. मंजुरीचं पत्र जोडून दोन ओळींचा अर्ज दिला, त्यानंतरच्या बिलात ते निघाले.