मुलांचे सर्वेक्षण: सही कुणाची, होकार कुणाचा?

सहावी ते आठवीच्या मुलांची झोप आणि मोबाइल यावर प्रश्नावली भरून घ्यायची आहे. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी आहे. तरी पालकांची सही लागेल का?

लागेल. मुख्याध्यापकांच्या पत्राने तुम्हाला शाळेचे दार उघडते, एवढेच. मुलाच्या वतीने संमती आई किंवा वडील देतात आणि अशा कमी जोखमीच्या कामाला दोघांपैकी एकाची सही चालते. ‘नकार कळवला नाही तर संमती समजू’ अशी चिठ्ठी दप्तरातून पाठवू नका. ती दप्तरातच राहते.

त्याशिवाय मुलाचा स्वतःचा होकार हवा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सात वर्षांपासून बारा पूर्ण होईपर्यंत तो तोंडी, पालकांसमोर घेऊन नोंदवायचा, बारानंतर लेखी. इथे इयत्ता नाही, वय बघायचे. सहावीच्या एकाच वर्गात अकराची आणि बाराची मुले शेजारी बसतात, म्हणून दोन्ही सोयी ठेवा. तोंडी होकार पालकसभेच्या दिवशीच घेतलात तर घरोघरी फिरावे लागत नाही.

मुलाच्या कागदावर ‘सहभाग ऐच्छिक आहे’ असे लिहू नका. ‘तुला नको असेल तर नाही म्हण. बाई रागावणार नाहीत, गुण कमी होणार नाहीत. मध्येच थांबलास किंवा थांबलीस तरी चालेल,’ असे लिहा. आणि प्रश्नावली भरताना वर्गशिक्षकांना खरोखरच बाहेर थांबायला सांगा, नाहीतर ते वाक्य खोटे ठरते.

आमच्या गावातले निम्मे पालक ऊसतोडीला जातात, मुले आजीकडे असतात. आजीचा अंगठा चालेल?

आजी सांभाळते म्हणून ती कायदेशीर पालक ठरत नाही. सोपा उपाय वेळापत्रकात आहे: टोळ्या दिवाळीच्या सुमारास निघतात, तेव्हा संमतीचे काम जुलै-ऑगस्टमध्येच उरका. ते जमणार नसेल तर फोनवर माहिती वाचून दाखवून संमती कशी घेणार आणि नोंद कुठे ठेवणार, हे संशोधनाला मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीकडच्या अर्जातच लिहा आणि तिची मंजुरी आधी घ्या. निरक्षर पालकाच्या अंगठ्याशेजारी साक्षीदाराची सही हवी. तो तुमच्या चमूतला नसावा. समितीवर असताना मी एक गठ्ठा पाहिला होता: साठ फॉर्म, सगळ्या सह्या एकाच पेनाच्या, एकाच वळणाच्या. पालकांना कुणी भेटलेच नव्हते. ती सगळी माहिती बाद करावी लागली.

‘सर्व माहिती पूर्णपणे गुप्त राहील’ या वाक्यावर समितीने आक्षेप घेतला. का?

कारण ते वचन तुम्हाला पाळता येणार नाही. प्रश्नावलीत ‘रात्री झोप का लागत नाही?’ असा मोकळा प्रश्न असेल आणि एखाद्या मुलीने लैंगिक अत्याचाराबद्दल लिहिले, तर पॉक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे पोलिसांना कळवणे तुमच्यावर बंधनकारक आहे. म्हणून पालकांच्या आणि मुलांच्या, दोन्ही कागदांवर लिहा: ‘तुझी उत्तरे आम्ही शाळेला किंवा घरी सांगणार नाही. पण कुणी तुला इजा करत असल्याचे कळले, तर तुझ्या सुरक्षिततेसाठी आम्हाला ते पोलिसांना कळवावे लागेल.’

अर्जात मात्र याच्यापुढचे द्या: तो कागद प्रथम कोण वाचेल, किती वेळात, मुलीशी कोण बोलेल. प्रश्नावल्या गोळा करून महिनाभराने उघडणार असाल तर मोकळा प्रश्न काढूनच टाका. आणि कमी जोखमीचे काम म्हणून त्वरित मंजुरीची अपेक्षा धरू नका. मुले असुरक्षित गटात मोडतात, त्यामुळे अर्ज साधारणपणे पूर्ण समितीपुढेच जातो.