मोबाइल चार्ज होतो, पण बँड लावला की पॉवर बँक झोपते

प्रश्न: माझी पॉवर बँक मोबाइल मस्त चार्ज करते, पण इअरबड्सची केस किंवा फिटनेस बँड लावला की थोड्या वेळात आपोआप बंद होते. खराब झाली आहे का?

बहुतेक नाही. तिला वाटतं, काही लावलेलंच नाही.

आतला लिथियम सेल साधारण ३.७ व्होल्टचा, आणि यूएसबीला लागतात ५. ते चढवणारं सर्किट रिकामंच चालू राहिलं, तर बॅगेत पडल्यापडल्या सेल उतरेल. म्हणून आतली चिप बाहेर जाणाऱ्या करंटवर नजर ठेवते. स्वस्त पॉवर बँकांत सर्रास सापडणाऱ्या आयपी५३०६ चिपमध्ये करंट ४५ मिलीअँपिअरच्या खाली सलग ३२ सेकंद राहिला, की आउटपुट बंद. मोबाइल हजार-दोन हजार ओढतो. बँड कसाबसा शंभर, आणि बॅटरी भरत आली की त्याहून कमी.

मला हे सिंहगडावर जाण्याच्या आदल्या रात्री कळलं. बँड लावून झोपले, सकाळी बघते तर ७८ टक्क्यांवर अडकलेला. नंतर यूएसबी मीटर मध्ये लावून बघितलं: सुरुवातीला ९० मिलीअँपिअर, मग हळूहळू उतरत ४० वर आला आणि अर्ध्या मिनिटात पॉवर बँकेचे दिवे गेले. बटण दाबलं, पुन्हा अर्धं मिनिट. दर वेळी बंद व्हायला तेवढाच वेळ लागत असेल, तर कारण हेच समजा. लावल्या-लावल्या सेकंदात बंद होत असेल, तर मात्र केबल किंवा बँडच्या चार्जिंग पिना तपासा, तिथे शॉर्ट असू शकतो.

आधी तुमच्या पॉवर बँकेत लो करंट मोड आहे का बघा. शाओमी, अँकरच्या बऱ्याच मॉडेलांत बटण पटकन दोनदा दाबलं की तो सुरू होतो. काहींत दोनेक सेकंद दाबून धरावं लागतं. काही मॉडेलांत तो दोन तासांनी आपोआप सुटतो, त्यामुळे रात्रभर त्याच्या भरवशावर राहू नका.

माझ्या पॉवर बँकेत तो मोड नाही. मी पुण्यातल्या तापकीर गल्लीतून पेनड्राइव्हएवढा यूएसबी एलईडी दिवा आणला आणि दुसऱ्या पोर्टला लावला. तो एकटाच २०० मिलीअँपिअर खातो, मग चिप झोपत नाही. फुकट जाते ती वीज तासाला एक वॉट-अवर. १०,००० मिलीअँपिअर-अवरच्या पॉवर बँकेत ३७ वॉट-अवर असतात, म्हणजे बँड भरेपर्यंतच्या दीड तासात चारेक टक्के गेले. मात्र काही पॉवर बँका प्रत्येक पोर्टचा करंट वेगळा मोजतात. तिथे हा दिवा नुसताच जळतो. तशा वेळी एकाच पोर्टला छोटं यूएसबी स्प्लिटर लावून दिवा आणि बँड दोन्ही त्यावर चढवा. आणि दिव्यावर रुमाल टाका, नाहीतर खोलीतले बाकीचे ओरडतात.